अमेरिकेचा डबा आणि आपल्या केमिस्टकडचा डबा

नमस्कार मंडळी. माइक मागेपर्यंत पोचतोय ना? बरं. परिचयात कार्यवाहांनी मला "सौंदर्यतज्ज्ञ" करून टाकलं, तर आधी ते खोडते. मी सौंदर्यतज्ज्ञ वगैरे नाही, मी क्रीम बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. म्हणजे ज्या टाकीत क्रीम शिजतं तिच्याजवळ पांढरा कोट घालून उभी राहणारी बाई. चेहऱ्याला काय शोभतं ते मला विचारू नका, पण डब्याच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय आणि का छापलंय ते विचारा, त्यावर मी कितीही वेळ बोलू शकते आणि माझ्या घरचे म्हणतात की तोच तर प्रॉब्लेम आहे.

विषय असा की बाहेरचं एखादं मॉइश्चरायझर आपल्याला सूट झालंय, आता तसंच इथलं कुठलं घ्यायचं, हे लेबलावरून कसं ठरवायचं. उदाहरण एकच घेते. हा डबा बघा, ओळखीचा आहे ना? सेराव्हीचं मॉइश्चरायझिंग क्रीम, निळं-पांढरं, मोठा डबा, ५३९ ग्रॅम. किती जणींच्या घरी आहे? वर करा हात. बघा, अर्धा हॉल. आणि यातले किती डबे न्यू जर्सीहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेत? हं, आता हात खाली जायला लागले, पण मला दिसतायत.

मी काही वाईट म्हणत नाहीये. चांगलं क्रीम आहे, साधं, वास नसलेलं. आता ते भारतातही रीतसर मिळतं. पण इथला भाव बघितला की माणूस पुन्हा भाच्याला मेसेज करतो, "येताना दोन डबे आण रे". त्या बिचाऱ्याला २३ किलोची एक बॅग, त्यात त्याच्या आईचे बदाम, सासऱ्यांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, कुणाचे तरी बूट, आणि वर हे अर्ध्या किलोचे दोन डबे. आता त्या डब्यात सगळ्यात जास्त काय असतं माहितीये? पाणी. लेबलावर पहिलं नाव पाण्याचं आहे. म्हणजे आपण पोराला सात समुद्र ओलांडून पाणी आणायला लावतो, आणि नवी मुंबईत पाण्याला काय तोटा आहे का? (हसताय, पण हे मी आमच्या घरात बोलले तेव्हा कुणी हसलं नव्हतं.)

तर साहजिकच लोक इथलं पर्यायी क्रीम शोधतात, आणि इथेच माझी खरी तक्रार सुरू होते, ती जरा ऐकून घ्या.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक तक्ता आला. डावीकडे सेराव्ही, उजवीकडे आपली इथली आठ-दहा क्रीमं, आणि प्रत्येकासमोर टक्के. "७१ टक्के मॅच." "६४ टक्के मॅच." हिरव्या रंगात, बाजूला ज्वाळा आणि हार्ट. मी विचारलं हे टक्के कशाचे, तर उत्तर आलं, काकू, दोन्ही लेबलांवरची किती नावं जुळतात ते मोजायचं. आता बघा हं. सेराव्हीच्या लेबलावर चोवीसेक नावं आहेत. त्यात पाणी आहे, ते जुळणारच. फिनॉक्सीइथेनॉल आहे, क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात, ते निम्म्या बाजारात आहे, जुळणार. इथाइलहेक्सिलग्लिसरीन, त्याचाच जोडीदार, जुळणार. ईडीटीए, जुळणार. झॅन्थन गम, कार्बोमर, क्रीम घट्ट दिसावं म्हणून, जुळणार. टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई, चिमूटभर, तेल खवट होऊ नये म्हणून, जुळणार. झाले की सात मार्क, आणि त्वचेला ओलावा देणारं अजून काहीच आलेलं नाही! हा हिशोब लावला तर बेसनाचा लाडू आणि झुणका एकच, कारण दोन्हीत बेसन आहे आणि दोन्ही कढईत झालेत.

मी तसं लिहिलं ग्रुपवर. तर एका मुलीने मला समजावलं की काकू, तुम्ही जुन्या पद्धतीने बघताय, मेन काय ते ॲक्टिव्ह बघायचं, सिरॅमाइड आहे की नाही, हायल्युरॉनिक आहे की नाही, बाकी सगळा बेस असतो. "बाकी सगळा बेस असतो." मंडळी, आयुष्यभर मी तो बेस तपासला. बेस फाटला म्हणून अख्खी बॅच फेकलेली बघितलीये. सिरॅमाइड कमी पडलं म्हणून कुणाची टाच फाटलेली मी नाही बघितली.

पण ती मुलगी जे म्हणाली तेच पन्नास टक्के दुकानदार म्हणतात, तेच पुठ्ठ्याच्या खोक्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतं, तेव्हा तिला एकटीला कशाला बोलायचं. खोक्याची पुढची बाजू मार्केटिंगवाले लिहितात, मागची बाजू कायदा लिहून घेतो. पुढे "५ सिरॅमाइड्स", "हायड्रेशन बूस्ट", आणि एक पाण्याचा थेंब, तो थेंब तर प्रत्येक खोक्यावर असतो, एकाच ठिकाणाहून घेतात की काय कोण जाणे. आमच्याकडे एक मार्केटिंगचे साहेब यायचे, त्यांना तो थेंब निळा हवा की पारदर्शक यावर तास-दीड तास मीटिंग लागायची. ग्लिसरीन किती टाकायचं यावर? पाच मिनिटं. "मॅडम ते तुम्ही बघून घ्या." असो. भरकटले.

आता मुद्द्यावर. ॲक्टिव्ह म्हणजे नक्की काय, हे आधी. अमेरिकेत ज्या वस्तूला कायदा औषध मानतो तिच्यावर "ॲक्टिव्ह" अशी वेगळी चौकट असते आणि तिथे टक्के छापावे लागतात. सनस्क्रीनवर दिसते ती चौकट. साध्या मॉइश्चरायझरवर ती नसतेच, या डब्यावरही नाहीये, कारण कायद्याने ते कॉस्मेटिक. म्हणजे याच्यातलं कोण ॲक्टिव्ह आणि कोण नाही हे डबा सांगतच नाही, ते आपण ठरवतो, आणि ठरवताना पुढच्या बाजूचं नाव उचलतो.

मग लेबल सांगतं काय? तर क्रम. अमेरिका असो, युरोप असो की आपल्याकडे, नियम साधारण एकच आहे: जे घटक १ टक्क्याच्या वर आहेत ते जास्तीकडून कमीकडे लिहायचे, आणि जे १ टक्का किंवा त्याखाली आहेत ते त्यांच्यानंतर, पण कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. हा "कुठल्याही क्रमाने" फार महत्त्वाचा आहे. म्हणजे यादीत एक अदृश्य रेघ आहे. रेघेच्या वर क्रमाला अर्थ आहे, रेघेच्या खाली नाही. खालच्या मंडळींत ०.९ टक्के असलेला आणि ०.००१ टक्का असलेला शेजारी शेजारी बसू शकतात, आणि कंपनी शहाणी असेल तर जे नाव विकायचंय ते रेघेच्या खाली पहिल्या नंबरवर बसवते. त्यात बेकायदा काही नाही.

रेघ कुठे आहे ते छापलेलं नसतं, पण शोधता येतं. सोपी खूण फिनॉक्सीइथेनॉल. हे प्रिझर्व्हेटिव्ह युरोपात आणि आपल्याकडे १ टक्क्यापेक्षा जास्त घालायला परवानगी नाही. म्हणजे ते जिथे दिसलं तिथून पुढचं सगळं १ टक्क्याच्या आत, असं धरून चाला. रेघ त्याच्याही वर असू शकते, मग वर सरकत जायचं: कार्बोमर दिसलं का, ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास घातलं तरी क्रीमचा गोळा होतो. झॅन्थन गम, ईडीटीए, कुठला फॉस्फेट, ही सगळी चिमटीने पडणारी मंडळी. यातलं जे सगळ्यात आधी दिसेल तिथे पेन्सिलने रेघ मारा.

आता हा डबा माझ्याबरोबर वाचा. पाणी. ग्लिसरीन. सेटिअरिल अल्कोहोल. कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड. सेटिल अल्कोहोल. सेटिअरेथ-२०. पेट्रोलेटम. पोटॅशियम फॉस्फेट. थांबा! फॉस्फेट आलं. ते आंबटपणा सांभाळायला असतं, १ टक्क्याच्या वर सहसा कुणी घालत नाही. इथे रेघ. आणि आता रेघेनंतर काय येतं बघा: सिरॅमाइड एनपी, सिरॅमाइड एपी, सिरॅमाइड ईओपी, कार्बोमर... तीनही सिरॅमाइड रेघेच्या खाली! हायल्युरॉनिकवालं सोडियम हायल्युरोनेट अजून खाली. चोवीस नावांपैकी या क्रीमचं अंग सात नावांत संपलं, आणि ज्या नावांसाठी आपण भाच्याला त्रास देतो ती त्या सातात नाहीत.

मी असं म्हणत नाहीये की सिरॅमाइड काहीच करत नाही. आपल्या त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे जी चरबी असते तिच्यात वजनाने साधारण निम्मं सिरॅमाइडच असतं, मग कोलेस्टेरॉल, मग फॅटी ॲसिड. बाहेरून थोडं दिलं तर मदत होते, एक्झिमा असलेल्यांना विशेष. पण त्या मुलीला मला एक गोष्ट सांगायची होती, ती ग्रुपवर लिहिली तर फारच लांब झाली असती. सिरॅमाइड महाग असतं आणि विरघळायला हट्टी असतं, म्हणून कच्चा माल विकणाऱ्या कंपन्या तयार मिश्रण विकतात. जर्मनीची एव्होनिक असं एक मिश्रण विकते, त्याच्या घटकांत आठ नावं: सिरॅमाइड एनपी, एपी, ईओपी, फायटोस्फिंगोसीन, कोलेस्टेरॉल, सोडियम लॉरॉयल लॅक्टिलेट, कार्बोमर, झॅन्थन गम. त्यात खुद्द सिरॅमाइड अगदी थोडं, बाकी पाणी आणि त्याला सांभाळून ठेवणारे. ही आठही नावं या डब्यावर आहेत. आता घरी गेल्यावर तुमच्या इथल्या कुठल्याही "सिरॅमाइड क्रीम"चं लेबल बघा, बऱ्याच वेळा हीच आठ नावं एकत्र फिरताना दिसतील, कधी एकाच ओळीत. म्हणजे सिरॅमाइडच्या बाबतीत इथला डबा आणि तिथला डबा जुळवणं सगळ्यात सोपं, कारण तसला माल पोत्याने, म्हणजे पिंपाने, कुणालाही विकत मिळतो. अवघड आणि महत्त्वाचं आहे ते रेघेच्या वरचं जुळवणं.

जुन्या लेबलवर "सिरॅमाइड ३" लिहिलेलं असेल तर तेच एनपी, "सिरॅमाइड १" म्हणजे ईओपी. दोन वेगळी समजू नका, एवढंच.

मग ती सात नावं काय काम करतात? पाणी सोडा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. हा खरा ॲक्टिव्ह, माझ्या मते, आणि केमिस्टकडे सगळ्यात स्वस्त बाटली याचीच. दुसऱ्या नंबरवर आहे म्हणजे पाण्यानंतर सगळ्यात जास्त तेच. पेट्रोलेटम म्हणजे आपलं व्हॅसलीन, ते वरून झाकण बसवतं. नुसतं पेट्रोलेटम लावलं तर त्वचेतून उडून जाणारं पाणी ९८ टक्क्यांपर्यंत अडवतं असं मानतात, दुसरं कुठलंही तेल त्याच्या जवळपास येत नाही. क्रीममध्ये थोडंच असतं म्हणून तेवढं नाही, पण त्याचा हात लागतो. आणि मधली तीन, सेटिअरिल अल्कोहोल, सेटिल अल्कोहोल आणि ते ट्रायग्लिसराइड, ही त्वचेचे खडबडीत कोपरे बुजवतात, हात फिरवला की गुळगुळीत लागतं ते यांच्यामुळे. राहिलं सेटिअरेथ, ते तेल आणि पाणी एकत्र बांधून ठेवतं. अल्कोहोल शब्द बघून घाबरू नका, हे स्पिरिट नाही, मेणासारखे पांढरे दाणे असतात, आमच्याकडे पोत्यात यायचे. एकदा एका ताई डबा घेऊन भांडायला आल्या होत्या की बायकांच्या क्रीममध्ये दारू घालता म्हणून, त्यांना मी ते दाणे दाखवले, त्या म्हणाल्या हे तर मेणबत्तीचं सामान आहे, आणि दुसरंच भांडण सुरू केलं.

चिठ्ठी आली. "दहा मिनिटे." अहो खरा विषय तर आत्ता सुरू होतोय! बरं, पटपट.

मी तीन डबे आणलेत, तिन्ही इथले, नावांवर मी कागद चिकटवलाय, कारण फॉर्म्युले बदलत असतात आणि उद्या हे कुणी ऐकलं तर नाव धरून बसतील. तुम्ही तुमच्या हातातलंच लेबल वाचायचं.

पहिला. खोक्यावर "सिरॅमाइड" एवढं मोठं. मागे: पाणी, ॲलोव्हेरा ज्यूस, बदाम तेल, एक जाडी आणणारं, फिनॉक्सीइथेनॉल, मग ग्लिसरीन, मग सिरॅमाइड, हायल्युरोनेट, फ्रॅग्रन्स. बघितलंत? ग्लिसरीन फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर आलंय, म्हणजे १ टक्का किंवा त्याहून कमी. पेट्रोलेटम नाहीच. त्या तक्त्यात याला मस्त टक्के मिळाले असते, आणि डिसेंबरात पुण्यात हे लावून बघा, दुपारपर्यंत पाय पांढरे. वर सुगंध आहे. मूळ डब्यात तो मुद्दाम नाहीये. ज्यांची त्वचा चिडकी आहे त्यांच्यासाठी हा एकच फरक डबा नाकारायला पुरतो.

दुसरा. याच्यावर सिरॅमाइडचा उल्लेखही नाही, खोकं इतकं कंटाळवाणं की माझी सून म्हणाली हे फिनाइल आहे का. मागे: पाणी, ग्लिसरीन, सेटोस्टिअरिल अल्कोहोल, लाइट लिक्विड पॅराफिन, पेट्रोलेटम, डायमेथिकोन, मग बांधणारे, मग फिनॉक्सीइथेनॉल. सुगंध नाही. सेटोस्टिअरिल आणि सेटिअरिल एकच, औषधवाले पहिलं लिहितात, कॉस्मेटिकवाले दुसरं. लाइट लिक्विड पॅराफिन हे त्या ट्रायग्लिसराइडच्या जागी बसलंय, जरा जास्त तेलकट लागेल, काम तेच. ग्लिसरीन दुसऱ्या नंबरवर, पेट्रोलेटम रेघेच्या वर, सुगंध नाही. हा माझ्या मते त्या डब्याचा खरा इथला भाऊ. सिरॅमाइड हवंच असेल तर असाच सांगाडा असलेला आणि खाली ती आठ नावं असलेला डबा शोधा, मिळतो, थोडा महाग मिळतो. भाव बघताना डब्याचा नका बघू, आता पॅकवर ग्रॅममागे किती पैसे तेही छापलेलं असतं, ते दोन आकडे शेजारी ठेवा.

तिसरी ट्यूब, केमिस्टच्या काउंटरमागची. हिच्यावर यादीच वेगळी: व्हाइट सॉफ्ट पॅराफिन इतके टक्के, लाइट लिक्विड पॅराफिन इतके टक्के, "क्रीम बेस क्यू.एस." हे औषधाच्या लायसनवर बनतं म्हणून टक्के छापलेत. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन म्हणजे पुन्हा पेट्रोलेटमच. ही ट्यूब सेराव्हीशी जुळत नाही, हिच्यात झाकणच जास्त. पण ज्यांचे नातेवाईक अमेरिकेऐवजी लंडन-लेस्टरहून येतात आणि तिथलं ई४५ नावाचं क्रीम आणतात त्यांच्यासाठी ही ट्यूब म्हणजे सोनं, कारण ई४५ वर टक्के छापलेले आहेत: व्हाइट सॉफ्ट पॅराफिन १४.५, लाइट लिक्विड पॅराफिन १२.६, लॅनोलिन १. तिथे रेघा शोधायची भानगड नाही, आकडे समोर ठेवा आणि जवळचे आकडे असलेली ट्यूब घ्या. लॅनोलिन इथल्या ट्यूबमध्ये नसेल तर बिघडत नाही, काहींना त्याची ॲलर्जीच असते. मात्र "क्रीम बेस क्यू.एस." म्हणजे "बाकी पुरेसं" असं मोघम, त्यात कुठलं प्रिझर्व्हेटिव्ह, कुठला सुगंध, ते कळत नाही. ज्यांना कशाची तरी ॲलर्जी ठरलेली आहे त्यांनी अशी ट्यूब डॉक्टरांना विचारूनच.

आणि पॅराफिनवाल्यांना एक गोष्ट, ही घाईतही सांगणार. क्रीम कपड्यांत, चादरीत मुरतं, वाळतं, आणि असं कापड पटकन पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये याची सूचना काढली, कमी टक्के पॅराफिन असलेल्या क्रीमलाही ती लागू आहे. तेव्हा पायाला भरपूर चोपडून त्याच गाऊनमध्ये गॅसपाशी, निरांजनापाशी वाकू नका. आणि कपडे गरम पाण्यात धुतले तरी ते पूर्ण निघत नाही.

लेबल काय सांगत नाही तेही बोलते. नेमके टक्के सांगत नाही. टाकीत कसं घोटलं ते सांगत नाही, आणि तीच सात नावं दोन कारखान्यांत दोन वेगळी क्रीमं होतात, एक चटकन मुरतं, एक कणकेसारखं लोळतं, आम्ही रोज बघायचो. आणि छोटे डबे! ३० ग्रॅमच्या खालच्या क्रीमवर आपल्याकडे घटकांची यादी छापायची सक्तीच नाही. तेव्हा ट्रायल पॅक घेऊन "मागे काहीच लिहिलं नाहीये" म्हणू नका, दुकानात मोठ्या डब्याची मागची बाजू बघा, फोटो काढा, मग छोटा घ्या. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

सेराव्हीच्याच दोन वस्तूंत लोक गोंधळ घालतात ते पण. पीएम म्हणून जे लोशन येतं त्यात नियासिनामाइड आहे, पेट्रोलेटम नाही. डब्यातल्या या क्रीममध्ये उलटं, पेट्रोलेटम आहे, नियासिनामाइड नाही. कुणी म्हणालं सेराव्हीसारखं हवंय, तर आधी विचारा कुठलं.

हवामान. हे पाच मिनिटं खाणार होतं, एका वाक्यात सांगते. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात जे अंगात मुरायचं तेच क्रीम मे महिन्यात दादरला किंवा पणजीला चिकट लागणार, तिथे पेट्रोलेटम नसलेलं आणि ग्लिसरीन-डायमेथिकोन असलेलं लोशन पुरतं, आणि नागपूरच्या डिसेंबरात उलट, तिथे दुसऱ्या डब्यावर रात्री व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, ओल्या अंगावर, आंघोळीनंतर लगेच, म्हणजे झाकणाखाली अडकवायला पाणी तरी असेल.

लेबल जुळलं तरी लावून बघायचंच. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठवडाभर. खाज, पुरळ, लाली आली तर डबा कामवालीला देऊ नका, तिची त्वचा पण त्वचाच आहे. काही झालं नाही तर एका पायाला जुना डबा, दुसऱ्या पायाला नवा, दोन आठवडे. तपासायचं कसं? सकाळी लावलं, संध्याकाळी नडगीवरून नखाने हलकी रेघ ओढा. पांढरी रेघ उमटली तर कोरडेपणा उरलाय, नाही उमटली तर क्रीम दिवसभर टिकलं. दोन्ही पाय सारखे दिसले तर भाच्याला निरोप पाठवा.

एकच प्रश्न घेते म्हणतायत कार्यवाह. हां, मागच्या रांगेतल्या ताई, बोला. "यूरिया लिहिलेलं क्रीम याच्याऐवजी चालेल का?" छान विचारलंत. ५-१० टक्के यूरिया पाणी धरतं, ग्लिसरीनसारखंच, पण त्यापुढे टक्के वाढले की ते जाड झालेली मृत त्वचा सैल करायला लागतं. म्हणून टाचांना उत्तम, आणि टक्के पुढेच छापलेले असतात म्हणून जर्मनीची यूरियावाली ट्यूब इथल्या ट्यूबशी जुळवणं सगळ्यात सोपं. फक्त इथल्या बऱ्याच यूरिया क्रीममध्ये लॅक्टिक ॲसिड पण असतं, ते आकडे वेगळे वाचा, दोन्ही मिळून झोंबतं. भेग उघडी असेल, रक्त येत असेल, तर आधी ती साध्या व्हॅसलीनने आणि मोज्यांनी मिटू द्या, यूरिया नंतर. चेहऱ्याला आणि लहान बाळांना हे लावू नका, आणि मधुमेह असेल तर टाचेची भेग घरी बघत न बसता डॉक्टरांना दाखवा.